जेवण आणि चहा यांमधले अंतर

हिमोग्लोबिन कमी आल्याचा रिपोर्ट हातात पडला की घराघरांत ठरलेल्या हालचाली सुरू होतात. बीट येते, डाळिंब येते, गूळ-शेंगदाण्याचे लाडू वळले जातात, पालेभाजी रोजची होते. ताटात काय वाढायचे याचा विचार सगळे करतात. ताट संपल्यावर दहा मिनिटांत जो चहा घेतला जातो, त्याचा विचार मात्र सहसा कोणी करत नाही. वास्तविक शाकाहारी किंवा बहुतांशी शाकाहारी जेवणातले किती लोह रक्तापर्यंत पोहोचणार, हे त्या चहावर बरेच अवलंबून असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे हा प्रश्न निम्म्याहून अधिक स्त्रियांचा आहे.

या प्रकरणात आपण चहा-कॉफी लोहाला नेमके काय करतात, किती प्रमाणात करतात आणि रक्तक्षय असलेल्या माणसाने दिवसाच्या वेळापत्रकात काय हलवायचे, एवढेच पाहणार आहोत.

दोन प्रकारचे लोह

अन्नातले लोह दोन रूपांत येते. मांस, मासे, कलेजी यांतल्या लोहाचा बराचसा भाग 'हीम' या रेणूच्या आत बंदिस्त असतो. आतड्याच्या पेशी तो रेणू अख्खाच उचलतात, त्यामुळे शेजारी चहा असला तरी त्याला फारसा धक्का लागत नाही. ज्वारी, बाजरी, गहू, डाळी, उसळी, पालेभाज्या, गूळ यांतले लोह मात्र मोकळे असते. त्याला 'नॉन-हीम' लोह म्हणतात. हे लोह पचनात सुटे होते, पाण्यात विरघळलेले राहिले तरच शोषले जाते, आणि वाटेत जो पदार्थ भेटेल त्याच्याशी जोडले जाते. आपल्या जेवणात मुख्यतः हेच लोह असते.

ते शोषण्याची जागाही छोटी आहे. जठरातून अन्न पुढे सरकते तेव्हा लहान आतड्याचा जो पहिला, जेमतेम वीतभर लांबीचा भाग लागतो, तिथेच लोहाचे बहुतेक शोषण होते. तिथल्या पेशी आधी लोहाचे 'फेरिक' रूप 'फेरस' रूपात बदलतात आणि मगच त्याला आत घेतात. या पट्ट्यातून जाताना लोह कशाला तरी चिकटून अविद्राव्य झालेले असले, तर ते तसेच पुढे निघून जाते. खाली आतडे कितीही लांब असले तरी ती संधी पुन्हा येत नाही.

हिरडा, हिराकस आणि चहा

पूर्वी शाई करताना हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालत. कापड काळे रंगवायलाही हीच जोडी वापरत. हिरड्यात टॅनिन असते आणि हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. दोन्ही एकत्र आले आणि हवा लागली की गडद निळा-काळा रंग तयार होतो. टॅनिनचे रेणू लोहाला धरून ठेवतात आणि त्यातून जवळजवळ न विरघळणारा पदार्थ बनतो. लोखंडी कढईत आवळे शिजवले की काळे पडतात, तेही याच कारणाने. चहाच्या पानात याच कुळातली संयुगे असतात. त्यांना एकत्रितपणे पॉलिफिनॉल म्हणतात. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत तर तेच फेरस सल्फेट असते.

हे घरीच पाहता येते. बिनदुधाचा चहा गाळून थंड करा. फेरस सल्फेटच्या जुन्या, टाकून द्यायच्या गोळीवरचे रंगीत आवरण काढून आतला थोडा चुरा त्यात टाका आणि ढवळा. तांबूस चहा बघता बघता शाईसारखा काळा होतो. जेवण आणि चहा एकत्र पोटात गेले की थोड्याफार फरकाने हेच घडते. आता त्या काळ्या चहात लिंबू पिळा. रंग फिका होऊ लागतो, कारण आंबटपणामुळे लोहावरची पकड सैल होते. जठरातले आम्लही ही पकड काही अंशी सोडवते. पण अन्न आतड्यात उतरले की तिथला आंबटपणा कमी होतो आणि पॉलिफिनॉल पुन्हा लोहाला धरतात. दुर्दैवाने शोषणाची जागा नेमकी तीच असते. हा प्रयोग फक्त बघण्यापुरता आहे. तो चहा पिऊ नका.

कॉफीतली मुख्य संयुगे वेगळी आहेत. क्लोरोजेनिक आम्ल हे त्यांतले प्रमुख. त्यांची पकड चहाइतकी घट्ट नसली तरी परिणाम त्याच दिशेचा असतो. दोन्हींतले कॅफिन मात्र या बाबतीत निर्दोष आहे. त्यामुळे कॅफिन काढलेली कॉफी किंवा ग्रीन टी घेतल्याने लोहाचा प्रश्न सुटत नाही. पुदिन्याच्या पानांचा चहा आणि कोको यांनीही लोहाचे शोषण चांगलेच घटते.

किती घटते?

या विषयावरचा एक सुरुवातीचा महत्त्वाचा अभ्यास १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यात सहभागी झालेल्या स्त्रिया तिथे स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या होत्या. पाव असो, भात असो की लोहाच्या क्षाराचे नुसते द्रावण असो, सोबत चहा दिला की लोहाचे शोषण घटत होते.

आपल्या दृष्टीने सगळ्यांत जवळचा अभ्यास बंगळुरूचा आहे, २००८ सालचा. त्यात तरुण स्त्रियांचे दोन गट होते. एका गटाला लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय होता, दुसऱ्याला नव्हता. सर्वांना भाताचे जेवण दिले आणि त्यातल्या लोहाचा खुणेच्या अणूंच्या साहाय्याने माग घेतला. रक्तक्षय असलेल्यांचे शरीर मुळातच जास्त लोह खेचून घेत होते, कारण त्याला गरज होती. पण जेवणासोबत एक कप चहा दिल्यावर दोन्ही गटांचे शोषण साधारण निम्म्यावर आले आणि दोन कप दिल्यावर सुमारे दोन तृतीयांशाने घटले. शरीर कितीही भुकेले असले तरी चहाचा अडसर कायम राहिला. याच अभ्यासात जेवणासोबत 'क' जीवनसत्त्व दिल्यावर शोषण काही पटींनी वाढले.

आपल्याकडे चहा दुधाचा असतो, मग दुधाने परिणाम कमी होत नाही का, हा प्रश्न साहजिक आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावाच्या जेवणासोबत वेगवेगळी पेये दिली. चहा-कॉफीत दूध घातल्याने फारसा फरक पडला नाही. चहा किती कडक आहे याला मात्र महत्त्व होते. पेयातले पॉलिफिनॉल जितके जास्त, तितके शोषण कमी. पावडर घालून बराच वेळ उकळलेला आपला चहा या हिशेबात हलका बसत नाही.

आधी की नंतर?

उपयोगाच्या दृष्टीने हा सगळ्यांत कळीचा मुद्दा आहे. अमेरिकेतल्या १९८३ च्या एका अभ्यासात कॉफी जेवणासोबत, जेवणाच्या एक तास आधी आणि जेवणानंतर एक तासाने, अशी तीन वेळांना देऊन पाहिली. तासभर आधी घेतलेल्या कॉफीचा काहीच दुष्परिणाम दिसला नाही. तासाभराने नंतर घेतलेल्या कॉफीने मात्र सोबत घेतल्याइतकेच शोषण घटवले.

कारण जठराच्या कामात आहे. रिकाम्या पोटी घेतलेले पेय जठरात फार वेळ थांबत नाही, पुढे निघून जाते. तासाने जेवण येते तेव्हा वाट बरीचशी मोकळी झालेली असते. भाकरी-उसळीचे जेवण मात्र जठरात काही तास राहते आणि थोडे थोडे करून आतड्यात उतरते. जेवणानंतर तासाभराने प्यायलेली कॉफी त्या उरलेल्या जेवणात मिसळते.

२०१७ साली ब्रिटनमध्ये निरोगी स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने थोडे वेगळे चित्र दाखवले. लापशीबरोबरच चहा घेतल्यावर शोषण सुमारे ३७ टक्क्यांनी घटले, तर तासाने घेतल्यावर घट निम्मीच, १८ टक्क्यांच्या आसपास होती. दोन अभ्यासांतली पेये आणि जेवणे वेगळी होती. दोन्ही एकत्र वाचले तर निष्कर्ष असा निघतो: जेवणाआधी तासभराचे अंतर पुरते. जेवणानंतर एक तास थांबल्याने थोडाफार फायदा होतो, पण पूर्ण फायद्याची खात्री नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत सर्वांसाठी जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. ज्याला रक्तक्षय आहे त्याने जेवणानंतरचे अंतर दोन तासांचे ठेवावे, असे मी म्हणेन.

सुनंदाचा हिशेब

एक उदाहरण घेऊन आकडे मांडू. सुनंदा ही कल्पित बाई आहे, पण तिचा दिनक्रम अनेकींचा आहे. वय ३७, वजन ५० किलो, शाकाहारी, कारखान्यात पहिल्या पाळीला जाते. हिमोग्लोबिन ९.५, म्हणजे गरोदर नसलेल्या स्त्रीसाठीच्या १२ या मर्यादेच्या बरेच खाली. फेरिटिनही कमी, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपलेला.

सकाळी सहाला ती दोन पोळ्या चहात बुडवून खाते. साडेअकराच्या सुट्टीत डब्यातल्या दोन बाजरीच्या भाकऱ्या आणि मटकीची उसळ खाते, आणि लगेच कँटीनचा चहा येतो. रात्री भात, वरण, एक पोळी, भाजी. त्यानंतर चहा नसतो. सकाळच्या पोळ्यांत साधारण २.५ मिलिग्रॅम लोह, दुपारच्या डब्यात १०, रात्रीच्या जेवणात ३.५, म्हणजे दिवसाला १६ मिलिग्रॅम. यातले आठ टक्के शोषले जाते असे धरू. हे गृहीतक आहे. प्रत्यक्षात आकडा माणसागणिक आणि जेवणागणिक बदलतो, पण तुलनेसाठी ते पुरेसे आहे.

चहा मध्ये नसता तर तिच्या रक्तात रोज सुमारे १.२८ मिलिग्रॅम लोह पोहोचले असते. पहिल्या दोन खाण्यांसोबत चहा असल्याने त्यांतले शोषण निम्मे होते आणि एकूण बेरीज ०.७८ वर येते. रोजचा तोटा अर्धा मिलिग्रॅम.

आता खर्चाची बाजू. आतड्याच्या आणि त्वचेच्या पेशी झडतात, त्यातून तिचे रोज सुमारे ०.८ मिलिग्रॅम लोह जाते. पाळीत ३५ ते ४० मिलिलिटर रक्त जाते असे धरले तर तिच्या पातळ झालेल्या रक्तातूनही महिन्याला १२-१३ मिलिग्रॅम लोह जाते, म्हणजे रोजचे सरासरी ०.४. एकूण खर्च दिवसाला १.२. चहासह जमा ०.७८, चहा बाजूला केल्यास १.२८. आज तिच्या खात्यात रोज घट होते आहे. चहाची वेळ बदलली तर जमाखर्च जेमतेम जुळतो. डबा तोच, खर्च शून्य.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. सुनंदाला ९.५ वरून १२ वर यायचे तर रक्तासाठीच सुमारे ३०० मिलिग्रॅम लोह जादा लागेल, आणि साठा भरायला आणखी काही शे. चहा हलवून मिळणारे सगळे अर्धे मिलिग्रॅम शिल्लक पडले असते तरी ३०० गाठायला ६०० दिवस लागले असते, आणि इथे तर ते खर्च भागवण्यातच संपते. याउलट ६० मिलिग्रॅम लोहाच्या एका गोळीतले दहा टक्के शोषले गेले तरी रोज ६ मिलिग्रॅम मिळतात आणि ३०० चा टप्पा ५० दिवसांत येतो. म्हणून रक्तक्षय झाल्यावर गोळीला पर्याय नाही. चहाची वेळ बदलायची ती गोळी वाया जाऊ नये म्हणून, आणि गोळ्या थांबल्यावर पुन्हा घसरण सुरू होऊ नये म्हणून.

काय बदलायचे

चहा सोडायची गरज नाही, तो जेवणापासून दूर न्यायचा. सुनंदा पाचला उठते तेव्हाच तिने चहा घ्यावा आणि पोळी-भाजी सहाला खावी. रिकाम्या पोटी चहाने पित्त होत असेल तर सोबत एखादे मैद्याचे बिस्किट किंवा खारी खायला हरकत नाही, कारण तेवढ्यात लोह नगण्यच असते. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: ज्या खाण्यातून लोह मिळायचे, त्याच्याजवळ चहा नको. ज्यातून मिळायचेच नाही, त्याच्यासोबत चालेल. चहा-पोळी आणि चहा-भाकरी ही जोडी मात्र तोडावी. लहान मुलांची तर आधी तोडावी, कारण त्यांच्या पोटात जाणारे अन्नच थोडे असते.

दुपारी जेवणासोबत पाणी किंवा लिंबूपाणी घ्यावे. कँटीनचा चहा दीड-दोनला मिळत असेल तर तो घ्यावा, नाहीतर पाळी सुटल्यावर साडेतीनला. ज्यांना जेवणानंतर काहीतरी गरम लागतेच, त्यांनी गरम पाणी किंवा पातळ सार घ्यावे.

दुसरा बदल ताटातच करायचा. 'क' जीवनसत्त्व फेरिक लोहाला फेरस करते आणि विरघळलेले ठेवते. मात्र प्रमाणाकडे लक्ष हवे. अर्ध्या लिंबाच्या रसात 'क' जीवनसत्त्व पाच-सात मिलिग्रॅमच असते. ते उपयोगी आहे, पण अर्ध्या पेरूत किंवा एका ताज्या आवळ्यात ते कितीतरी जास्त असते. पेरू चार वाजता खाण्याऐवजी डब्यासोबत खावा. उसळीवर लिंबू पिळायचे ते भांडे खाली उतरवल्यावर, कारण उकळताना हे जीवनसत्त्व नष्ट होते. मटकीला मोड आणल्याने तिच्यातले फायटेट काहीसे कमी होते आणि धान्या-कडधान्यांतल्या लोहाची ही दुसरी अडचणही हलकी होते.

तिसरा बदल गोळीचा. सकाळच्या चहासोबत गोळी घेण्याची सवय सर्रास आढळते. तेवढी सोडा. गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांपासून ती दोन तास दूर ठेवावी. सुनंदाचे रात्रीचे जेवण साडेआठला होते. झोपताना, साडेदहाला, तिला गोळी सोयीची पडेल. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर जेवणानंतर घेतली तरी चालते. शोषण थोडे कमी होईल, पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते बरे. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नये. मात्रा रोजची की एक दिवसाआड, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

गुण येतो आहे हे कसे ओळखावे

गोळी सुरू केल्यावर साधारण महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. ते एक ग्रॅमने किंवा अधिक वाढलेले असेल तर वाट बरोबर आहे. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यावरही साठा भरण्यासाठी गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवतात. बहुतेकजणी नेमक्या याच वेळी त्या सोडतात आणि वर्षभरात मूळ पदावर येतात.

महिन्यानेही आकडा हलला नाही, तर दोष चहावर ढकलून थांबू नये. पाळीत अति रक्तस्राव, मूळव्याध किंवा जठरातला व्रण, आतड्याचा आजार, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणे, ही कारणे शोधावी लागतात. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या स्त्रीला लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय झाला असेल, तर रक्त कुठून जाते आहे हे आधी तपासलेच पाहिजे. शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. बी-१२ ची कमतरता, थॅलेसेमियाचे वाहक असणे, विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल, यांत चहाची वेळ बदलून काही साधत नाही. म्हणून सीबीसी आणि फेरिटिन तपासूनच सुरुवात करावी.

ज्यांचा लोहाचा साठा भरलेला आहे, त्यांना हे अंतर मिनिटे मोजून पाळण्याची गरज नाही. एकेका जेवणावरच्या प्रयोगांत दिसणारी घट त्यांच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये तेवढी उमटत नाही, कारण साठा त्यांना सांभाळून घेतो. पण पाळी सुरू झालेल्या मुली, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले आणि ज्यांचा रिपोर्ट आधीच कमी आला आहे, त्यांच्याजवळ असा साठा नसतो. तुमच्या घरात अशी कोणी असेल तर उद्यापासून तिचा चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनंतर द्या, आणि लोहाची गोळी पाण्याबरोबरच द्या.